माणसाची जोडी बाळाच्या जिवाच्या भीतीने जमली?

रेवा (नाशिक)
काल गंगापूर रोडला एका व्याख्यानाला गेले होते. वक्ते म्हणाले, परका नर बाळाला मारून टाकेल या धोक्यामुळे बाप आईजवळ राहू लागला आणि त्यातूनच नवरा-बायकोची जोडी जन्माला आली. २०१३ साली हे सिद्ध झालंय. टाळ्या पडल्या, पण मला काही ते पचलं नाही. खरंच सिद्ध झालंय का?

अभिजित, इंदिरानगर
हो, झालंय. संशोधक किट ओपी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रायमेट, म्हणजे माकडं, वानरं आणि माणूस ज्यात येतात, त्या गटातल्या २३० जाती तपासल्या. त्यात वडिलांनी पिल्लं सांभाळणं, माद्यांचं विखरून राहणं आणि पिल्लांची हत्या या तिन्ही गोष्टींचा जोडीशी संबंध दिसला, पण जोडीच्या *आधी* आली ती फक्त हत्या. नवा नर पिल्लू मारतो, म्हणजे दूध थांबून आई लवकर माजावर येते. बाप पहाऱ्याला असेल तर पिल्लू वाचतं. यात न पटण्यासारखं काय आहे?

बागायतदार_निफाड
आमच्या नांदूर मधमेश्वरला हिवाळ्यात चक्रवाक येतात, कधी पण बघा, जोडीनेच. आमचंही तसंच. छाटणीपासून खुड्यापर्यंत दोघं बागेत, भांडायलाही सवड नसते. संसार टिकवायचा असेल तर काम एकत्र करा, हाच माझा सल्ला.

मेधा कु.
दादा, रेवाताईंचा संसार ठीक असावा, प्रश्न वेगळा आहे 🙂 पण चक्रवाकाचा विषय काढलात ते बरं केलंत. पक्ष्यांच्या नव्वद टक्क्यांहून जास्त जाती जोडीने राहतात. पुढे डीएनए तपासणी आली, तेव्हा त्यातल्या कितीतरी जातींच्या घरट्यांत शेजारच्या नराचीही पिल्लं निघाली. एकत्र राहणं आणि फक्त एकमेकांपासूनच पिल्लं होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि व्याख्यानांत त्यांची सर्रास गल्लत होते.

आता अभिजित. तुम्ही अर्धंच सांगितलंत. त्याच २०१३ मध्ये, अवघ्या काही दिवसांच्या अंतराने, केंब्रिजच्या लुकास आणि क्लटन-ब्रॉक यांचा अभ्यास आला. त्यांनी सस्तन प्राण्यांच्या अडीच हजारांवर जाती घेतल्या. जोडीने राहणाऱ्या निघाल्या साधारण नऊ टक्के. पिल्लांच्या हत्येशी त्यांना संबंध दिसला नाही. त्यांचं उत्तर असं, की माद्या एकेकट्या आणि लांब लांब राहत असतील तर एका नराला एकीपेक्षा जास्त राखता येत नाहीत, म्हणून तो एकीपाशीच थांबतो. वक्त्यांनी दोनातला एकच अभ्यास सांगितला.

अभिजित, इंदिरानगर
ते सगळे सस्तन प्राणी. माणूस प्रायमेट आहे, तर प्रायमेटचाच अभ्यास धरायला हवा ना?

मेधा कु.
मुद्दा रास्त आहे. पण मग आपल्या घरचीच वानरं बघू. वानरांमध्ये नवा नर पिल्लं मारतो, हे जपानी संशोधक सुगियामा यांनी १९६०च्या दशकात आपल्या शेजारी धारवाडला नोंदवलं, पुढे सारा हर्डी यांनी अबूला. म्हणजे धोका आहे, चांगला ढळढळीत आहे. पण जोडी कुठे आहे? वानरांत पुष्कळदा एक नर आणि बऱ्याच माद्या असा कळप असतो.

यावर ठरलेलं उत्तर असतं, की धोक्यावर उपाय अनेक असतात. कुठे मादी अनेक नरांशी जुगते म्हणजे बाप कोण ते कळू नये, कुठे जोडी होते. ते खरंही असेल. पण एकाच कारणाने जोडीही होते आणि तिच्या नेमकं उलटंही होतं, तर मग कधी काय होईल हे आधी सांगता यायला हवं. तिथे हे स्पष्टीकरण ढिलं पडतं.

पंचवटीकर
म्हणूनच म्हणतो, हे सगळं थोतांड. लाखो वर्षांपूर्वी कोण कुणाजवळ बसलं होतं हे बघायला गेलं होतं कोण? आज एक म्हणतात, उद्या दुसरं.

मेधा कु.
काका, थोतांड नाही. पद्धत अशी असते: आज हयात असलेल्या जातींचा वंशवृक्ष मांडायचा, प्रत्येक जातीपुढे ‘जोडी’, ‘एकटे’, ‘कळप’ अशी नोंद करायची आणि कोणता बदल आधी झाला असावा याचा संभवाच्या गणिताने माग काढायचा. गणितात खोट नाही. पेच त्या नोंदीत आहे. दक्षिण अमेरिकेतली मार्मोसेट माकडं घ्या. पिल्लं सहसा एकाच मादीला होतात, पण सोबत कधी एक मोठा नर, कधी दोन. ही जात कुठल्या रकान्यात टाकाल? २०१४ मध्ये लुकास आणि क्लटन-ब्रॉक यांनी ओपींच्या निष्कर्षावर लेखी आक्षेप घेतला तो याच अंगाने, की हा संबंध सातत्याने दिसत नाही. ओपींच्या गटाने आपली बाजू सोडली नाही. वाद मिटलेला नाही, म्हणून ‘सिद्ध झालं’ हा शब्द चुकीचा.

आणि एका गोष्टीवर दोन्ही गटांचं एकमत आहे, ती मात्र कुणी सांगत नाही. बापाने पिल्लं सांभाळणं हे जोडीचं कारण नाही, ते जोडी झाल्यावर आलं. म्हणजे ‘बाळ असहाय म्हणून बाप थांबला’ ही सगळ्यांची आवडती गोष्ट सुरुवातीचं कारण म्हणून दोघांच्याही आकड्यांत बसत नाही.

रेवा (नाशिक)
मग माणूस कुठल्या रकान्यात?

मेधा कु.
तोच तर कळीचा प्रश्न. मानववंशशास्त्रज्ञांनी नोंदवलेल्या हजारावर समाजांपैकी सुमारे ८५ टक्के समाजांत पुरुषाला एकाहून जास्त बायका करायला परवानगी होती. पण त्याच समाजांत बहुतेक पुरुषांना प्रत्यक्षात एकच बायको. नियमाप्रमाणे नोंद केली तर माणूस बहुपत्नीक, घराघरांत जाऊन मोजलं तर जोडीने राहणारा. शिवाय आपण जोडीने राहतो ते वस्तीत, वाड्यात, गावात. शेजारी चार जोडपी असतात. लुकास यांची एकेकटी, विखुरलेली मादी आपल्याला लागू पडत नाही. आणि माणूस ही जात एकच. एका उदाहरणावरून कारण कसं तपासणार?

अभिजित, इंदिरानगर
पण शरीरात पुरावा आहे की. गोरिला नर मादीच्या जवळपास दुप्पट वजनाचा, कारण माद्यांसाठी झुंजी. माणसात पुरुष साधारण पंधरा टक्क्यांनी जड. चिंपांझीचे वृषण शरीराच्या मानाने मोठे, आपले बरेच लहान. झुंजी आणि एकाच मादीशी अनेक नर जुगल्याने होणारी वीर्याची स्पर्धा दोन्ही कमी झाल्या, हे दिसतंय ना? ही काही कल्पित कथा नाही.

मेधा कु.
नाही, हा चांगला पुरावा आहे आणि मी तो मानते. पण त्यातून फार तर ‘स्पर्धा कमी झाली’ एवढं निघतं. कधी आणि कशामुळे, ते निघत नाही. ‘लूसी’ हा माणसाच्या लाखो वर्षांपूर्वीच्या पूर्वजांपैकी एकीचा सांगाडा, तिच्या जातीत नर-मादीच्या आकारात फरक किती होता, यावर अजून वाद आहे. काहींनी हाडांवरून माणसाइतकाच कमी काढला, काहींनी खूप जास्त. जिथे मोजमापच जुळत नाही तिथे कारणाचा आग्रह कशाला?

पंचवटीकर
म्हणजे शेवटी माझंच खरं.

मेधा कु.
अजिबात नाही काका. ‘माहीत नाही’ आणि ‘थोतांड’ यांत फरक आहे.

अभिजित, इंदिरानगर
तिसरा मार्गही आहे. हमद्रयास बबून या माकडांची टोळी मोठी असते आणि तिच्या पोटात एक नर नि त्याच्या माद्या अशी लहान लहान बिऱ्हाडं. माणसाचे पूर्वज आधी तसे असतील, मग हातात भाले-दगड आले, दुबळाही दांडग्याला मारू शकला, अनेक माद्या राखणं महागात पडलं आणि उरली जोडी. हे तरी तुमच्या वाड्यात बसतं का?

मेधा कु.
बसतं, आणि मला स्वतःला तिन्हींत हेच जास्त पटतं. पण भाला आधी की जोडी आधी? भाल्याचं टोक जमिनीत सापडतं, जोडी सापडत नाही. तुम्ही हे कशावरून तपासाल ते सांगा, मग पुढे बोलू.

अभिजित, इंदिरानगर
विचार करून रविवारी लिहितो.

बागायतदार_निफाड
चक्रवाकांच्या घरट्यांची डीएनए तपासणी झाली आहे का कुणी सांगेल? बायको विचारतेय.