एका फोटोवरून सभेची गर्दी किती धरावी?

तालुका वार्ताहर
यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी बाजार समितीच्या मैदानावर कापसाच्या भावासाठी शेतकऱ्यांची सभा झाली. आयोजक ५० हजार म्हणतात आणि बंदोबस्तावरची मंडळी खासगीत ५-६ हजार म्हणतात. समितीच्या इमारतीच्या गच्चीवरून, व्यासपीठाच्या बाजूने मैदानाच्या लांबीच्या दिशेत घेतलेला एक फोटो माझ्याकडे आहे. त्यावरून आकडा काढता येईल का, आणि काढलाच तर तो छापावा कसा?

निवृत्त भूमापक
काढता येईल, पण माणसे मोजण्याआधी जागा मोजावी लागेल. ते मैदान मला ठाऊक आहे. उपग्रह नकाशावर मोजले तर बल्ल्यांच्या कठड्याच्या आतली जागा साधारण ३०० फूट लांब आणि १८० फूट रुंद, म्हणजे ५४,००० चौरस फूट भरते. बर्कली विद्यापीठात पत्रकारिता शिकवणारे हर्बर्ट जेकब्स यांनी १९६०च्या दशकात विद्यार्थ्यांच्या सभांचे फोटो चौकटी पाडून मोजले आणि काही ढोबळ प्रमाणे बसवली, ती आजही वापरतात. सैल गर्दीत माणशी १० चौरस फूट, दाट गर्दीत साडेचार आणि हलताही येणार नाही अशा चेंगराचेंगरीत अडीच. मैदानाचा कोपरा न् कोपरा दाट भरला असे मानले तरी १२ हजारांच्या वर जाता येत नाही. ५० हजारांसाठी माणशी एक चौरस फुटाच्या जरा वर जागा उरते, आणि तेवढ्यात पाय जोडून उभे राहणेही कठीण आहे. आयोजकांचा आकडा फोटो न उघडताच बाद होतो.

आता फोटो. दोन्ही बाजूंच्या कठड्यांना दर १० फुटांवर बल्ली आहे. समोरासमोरच्या बल्ल्या रेघेने जोडा आणि प्रत्येक आडव्या रेघेचे सारखे भाग पाडा, म्हणजे चौकटींची जाळी तयार होते. लांबच्या चौकटी फोटोत लहान दिसतील, पण जमिनीवर त्या जवळच्यांएवढ्याच आहेत. बल्ल्या खरोखर १० फुटांवर आहेत की ११ फुटांवर, याची काळजी इथून पुढे उरत नाही, कारण आपण चौरस फुटांवरून माणसे काढत नसून चौकटीतली डोकी मोजून चौकटींच्या संख्येने गुणणार आहोत. फुटांचा उपयोग वर कमाल मर्यादा काढण्यापुरता झाला.

कास्तकार, दारव्हा
साहेब, हिशेब कागदावर छान दिसतो, पण तुम्ही कठड्याच्या आतलेच लोक धरले. रस्त्यावर, कडुलिंबाखाली, दुकानांच्या ओट्यांवर जे उभे होते त्यांचे काय? शिवाय दुपारी दोनपासून लोक येत-जात होते. आमच्या गावचे दोन ट्रॅक्टर भाषण सुरू होण्याआधीच परत निघाले, कारण गडी कपाशी वेचायला सोडून आले होते. तुमच्या फोटोत ते कुठून येतील?

निवृत्त भूमापक
भाऊ, तुमचा दुसरा मुद्दा पूर्णपणे बरोबर आहे. फोटो एका क्षणाचा असतो. दिवसभरात किती येऊन गेले हे सांगायला प्रवेशाच्या वाटेवर कुणीतरी मोजत उभे राहायला हवे होते, किंवा तास-तासाने फोटो आणि माणूस सरासरी किती वेळ थांबला याचा अंदाज तरी हवा होता. म्हणून आकड्यासोबत वेळ लिहिलीच पाहिजे. बाहेरचे लोक मात्र मी धरणार आहे, फक्त वेगळे धरणार आहे.

तरीही येणे-जाणे धरून ५० हजार होतात का ते पाहा. एका एसटीत खच्चून ६० माणसे घातली तरी आठशेच्या वर गाड्या लागतात. त्या दिवशी त्या कुठे उभ्या होत्या, हे तुमच्यापैकीच कुणी सांगावे.

बिछायत केंद्र
माल माझाच होता म्हणून लिहितो. खुर्च्या १,७०० लावल्या होत्या, एका ओळीत ८५ अशा २० ओळी. खुर्च्या मोजून नेतो आणि मोजून आणतो, त्यामुळे त्यात वाद नाही. व्यासपीठासमोर ४० फूट जागा बंदोबस्तासाठी मोकळी होती आणि मधून १० फुटांची वाट सोडलेली होती. खुर्च्यांमागे ९० फुटांपर्यंत सतरंज्या होत्या आणि त्यामागे लोक उभे होते. सतरंजीवर बाया मांडीवर लेकरू घेऊन बसतात, ते एक मोजायचे की दोन, हेही ठरवून घ्या.

निवृत्त भूमापक
ही माहिती फार मोलाची आहे. लेकरू मोजायचे, पण या फोटोत ते दिसत नाही, म्हणून तो खड्डा सतरंजीच्या वरच्या मर्यादेत धरतो. वाट वगळून रुंदीत १७ चौकटी बसतात.

खुर्च्यांचा भाग सोपा आहे. फोटोत विसातली एखादी रिकामी दिसते, म्हणून १,६०० धरा, पन्नास इकडे किंवा तिकडे. सतरंजीच्या १५३ चौकटी आहेत. त्यातल्या कोणत्या मोजायच्या हे डोळ्याने निवडू नये, कारण डोळा आपोआप भरलेल्या चौकटीकडे जातो. मी दर दहावी चौकट घेतली. कुठे १४ डोकी निघाली, कुठे २१, आणि सरासरी साडेसतराच्या जरा खाली आली. त्यावरून सुमारे २,६५० लोक होतात, आणि २,३०० ते ३,००० ही मर्यादा मला सोडवत नाही.

खरी अडचण उभ्या गर्दीत आहे. फोटो जमिनीपासून सुमारे ३० फुटांवरून घेतला आहे आणि उभे लोक अडीचशे फुटांच्या आसपास आहेत. इतक्या तिरक्या नजरेत पुढच्या माणसाचे डोके त्याच्यामागच्या सात-आठ फुटांतली डोकी झाकू शकते. खुर्च्यांच्या भागात हेच झाकणे दोन-अडीच फुटांचे आहे आणि दोन ओळींत अंतर तीन फूट आहे, त्यामुळे तिथे फारसे बिघडत नाही. मागे मात्र दोन उलट चुका एकत्र होतात. दिसणारी डोकी मोजली तर आकडा कमी येतो, आणि फोटो नुसता पाहिला तर मधली मोकळी जमीन झाकली गेल्यामुळे गर्दी ठासून भरल्यासारखी वाटते. ‘मुंगीला शिरायला जागा नव्हती’ हे वाक्य अशाच फोटोंवरून लिहिले जाते.

उभ्या दाट पट्ट्याच्या ८५ चौकटींत मला सरासरी १४ डोकी दिसतात. कडेच्या बाजूला लोकांचे पाय जिथे दिसतात तिथल्या चौकटींशी ताडून मी खरी संख्या १६ ते २४ मानतो, मधली १९. म्हणजे सुमारे १,६००, मर्यादा १,३५० ते २,०५०. त्यामागच्या विरळ १०२ चौकटींत ५००, तेही ३०० ते ७५०. बाहेर झाडाखाली आणि रस्त्यावर फोटोत जेवढे दिसते त्यावरून ३०० ते ९००, मधला आकडा ५०० म्हणू. एकूण ६,८५०. सगळ्या खालच्या मर्यादा जोडल्या तर ५,८०० आणि सगळ्या वरच्या जोडल्या तर ८,३५० होतात.

सप्ताह समिती
एवढा खटाटोप कशाला? आमच्याकडे काल्याच्या महाप्रसादाला किती पत्रावळी लागल्या यावरून गर्दी कळते. मागच्या वेळी ३,००० पत्रावळी संपल्या, म्हणजे ३,००० माणूस. सभेतही पाण्याचे पाऊच मोजावेत.

तालुका वार्ताहर
दादा, पंगती एकामागून एक उठतात. तुमचा आकडा दिवसभरात जेवलेल्यांचा आहे, एका वेळी मंडपात बसलेल्यांचा नाही. आणि उन्हात एक माणूस चार पाऊच पितो.

संख्याशास्त्र शिकवते, अमरावती
पद्धत मान्य आहे, पण शेवटची बेरीज पटत नाही. पाचही भागांत एकाच वेळी कमीत कमी किंवा जास्तीत जास्त निघणे फार संभवत नाही. कुठे जास्त, कुठे कमी, असे होऊन चुका काही प्रमाणात एकमेकींना खातात. म्हणून प्रत्येक भागाच्या चुकीचा वर्ग करून बेरीज घ्यावी आणि तिचे वर्गमूळ काढावे. तुमचेच आकडे घेतले तर ते सहाशेच्या आसपास येते. म्हणजे ६,२५० ते ७,४५० एवढेच म्हणायला हवे. तुमच्याइतकी रुंद मर्यादा छापली तर वाचकाला वाटेल की आपल्याला काहीच कळत नाही.

निवृत्त भूमापक
मॅडम, सूत्र बरोबर आहे, पण चुका एकमेकींपासून स्वतंत्र असतील तरच ते लागू पडते. इथे सर्व चौकटी एकाच माणसाने, एकाच फोटोवर, एकाच सवयीने मोजल्या आहेत. अंधुक ठिपका डोके म्हणून धरायचा की नाही, यात माझा हात ढिला असेल तर तो सतरंजीवरही ढिला आणि मागेही ढिलाच. शिवाय १४चे १९ करणे हा माझा अंदाज आहे, आणि तो चुकला तर ८५च्या ८५ चौकटींत एकाच दिशेने चुकतो.

१९९५ साली वॉशिंग्टनमध्ये कृष्णवर्णीय पुरुषांचा मोठा मेळावा झाला, त्याचे उदाहरण पाहा. उद्यान सेवेने ४ लाख सांगितले, आयोजक संतापले, आणि बोस्टन विद्यापीठाच्या तज्ज्ञांनी वरून घेतलेल्या छायाचित्रांवरून आधी ८ लाख ७० हजार आणि २५ टक्के इकडे-तिकडे, मग फेरमोजणीत ८ लाख ३७ हजार आणि २० टक्के इकडे-तिकडे असे सांगितले. त्यांच्या हाती वरून घेतलेली चित्रे असूनही ते २० टक्क्यांच्या खाली गेले नाहीत. आपण गच्चीवरच्या एका तिरक्या फोटोवरून ९ टक्के म्हणणे धाडसाचे होईल.

संख्याशास्त्र शिकवते, अमरावती
उभ्या गर्दीपुरते मानते. सतरंजीच्या चौकटींतला फरक मात्र बराचसा निवडीचा आहे आणि तो स्वतंत्रच आहे. दुसऱ्या कुणी तुमचा आकडा न पाहता त्याच चौकटी मोजल्या, तर डोळ्याची सवय किती आणि खरी अनिश्चितता किती, हे वेगळे करता येईल. तोवर आपण दोघेही आपापल्या जागी.

कास्तकार, दारव्हा
म्हणजे ७ हजार? अहो, आयोजकांनी फुगवले हे मान्य करतो, पण पेपरात ‘७ हजार’ आले की वरचे लोक म्हणतील, शेतकऱ्याला भावाची पडलेली नाही. निवडणुकीच्या सभांचे आकडे कुणी असे चौकटी पाडून छापते का?

तालुका वार्ताहर
छापत नाहीत, हे खरे आहे. माझे वाक्य असे राहील: ‘भाषण सुरू असताना मैदानात आणि लगतच्या परिसरात सुमारे ७ हजार लोक होते, फोटोवरून केलेला हा अंदाज ६ ते साडेआठ हजारांच्या दरम्यान असू शकतो. दिवसभरात येऊन गेलेल्यांची मोजणी उपलब्ध नाही.’ संपादकांना एकच आकडा हवा आहे, त्यामुळे मधले वाक्य टिकेल की नाही ते सांगता येत नाही.

निवृत्त भूमापक
मधले वाक्य गेले तर ७ हजारही काढून टाका. आणखी एक गोष्ट. फोटो तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर आला असेल तर त्यातली काढल्याची वेळ निघून गेलेली असते आणि चित्रही दाबले जाऊन मागची डोकी एकमेकांत मिसळतात. ज्याने काढला त्याच्या मोबाइलमधली मूळ फाइल मागवा, आणि त्याने आधी-नंतर आणखी काही टिपले असेल तर तेही. मूळ फाइलमध्ये मागच्या पट्ट्यात १४ऐवजी १६-१७ डोकी दिसली, तर माझा १९चा अंदाज पुन्हा तपासावा लागेल.

बिछायत केंद्र
माझ्या पोराने ध्वनिक्षेपकाच्या खांबावर चढून मागच्या बाजूने दोन फोटो काढले होते. संध्याकाळी पाठवतो, पण त्यात व्यासपीठ दिसत नाही.

निवृत्त भूमापक
व्यासपीठ नको, कठड्याच्या बल्ल्या दिसल्या तरी पुरे.