च्यायला, अय माय, अरे देवा: कुणापुढं काय तोंडात येतं?

बीड : शाळेच्या गॅदरिंगसाठी एका इंग्रजी नाटुकल्याचं मराठी करतेय. सायकल पंक्चर झाल्यावर पोरगं म्हणतं "डॅम!" मी "च्यायला" लिहिलं. तालमीत सातवीतल्या पोरानं ते इतकं मोकळं म्हटलं की पेटीवाले मास्तर थांबलेच. "ताई, पहिल्या रांगेत आज्या बसणारैत." मला तोवर ती शिवी वाटलीच नव्हती. तुमचे अनुभव सांगा.

परभणी, निवृत्त शिक्षक : मास्तरांचं बरोबर आहे. "च्यायला" हे "त्याच्या आयला"चं शेपूट. पुढचं गिळलेलं असतं, पण जुन्या माणसाला ते ऐकू येतं. इंग्रजीतही झाकतातच: "हेल"चं "हेक", "डॅम"चं "डार्न", "गॉड"चं "गॉश". पण त्यांचा त्रागा देवावर नाहीतर नरकावर जातो, आपला थेट आईवर. म्हणून "डॅम"ला "च्यायला" लावलं की धार वाढते. "हात्तिच्या" लिहा.

नांदेड : "मायला" शिवी नाहीच. मोंढ्यात दिवसभर चालतं, कुणी रागावत नाही.

हिंगोली : मोंढ्यात नाही रागावणार. व्याह्यापुढं म्हणून बघा. माझ्या तोंडून साखरपुड्यात निसटलं, ताटावर बसलेले सासरे जेवण होईस्तोवर बोलले नाहीत.

लातूर : माझी आजी "मुडद्या, जेवलास का?" म्हणायची. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर भांडण झालं असतं. ती गेली, आता मला तसं हाक मारणारं कुणी नाही. विषय वेगळा असेल, पण आठवलं.

जालना, नर्स : "ओ माय गॉड" सगळ्यांपुढं चालतं असं मीही समजत होते. वॉर्डात सोबतच्या ख्रिस्ती सिस्टरनं बाजूला घेऊन सांगितलं, देवाचं नाव उगाच घेऊ नये अशी त्यांच्यात आज्ञाच आहे. ती स्वतः "अय माय!" म्हणते. तेव्हापासून मीही. पेशंटच्या आयाबायांना ते जवळचं वाटतं.

धाराशिव : गुरुजी, "हात्तिच्या"त पण "तिच्या" आहेच की. कुणाच्या?

परभणी, निवृत्त शिक्षक : खरंय, मूळ तिकडंच जात असावं. पण आज ते कुणाला टोचत नाही. घासून गुळगुळीत झालंय.

बीड : "हात्तिच्या" म्हणून बघितलं. पण ते आपण काहीतरी मोठं समजावं आणि क्षुल्लक निघावं तेव्हा म्हणतो. पंक्चरला "छ्या" फिकं पडलं. मग पोरगं आपणहूनच चाकाकडं बघत म्हणालं, "झालं का वाटुळं!" खिचडीवाल्या मावशी दारातून हसल्या. तेच ठेवलं. "व्हॉट द हेक"ला "हे काय भलतंच!" केलंय. "ओ माय गॉड"चं मात्र अडलंय. "अरे देवा" की "अय माय"? ते वाक्य शहरातल्या मामीच्या तोंडी आहे.