वडिलांच्या घडी पडलेल्या फोटोसाठी मदत हवी आहे (तातडीची)

सोलापुरी_पोरगा: ३१ला पप्पांचा निरोप समारंभ आहे. तरुणपणीचा एकच फोटो, त्यावर घडी पडलीय. पप्पा झोपले की रोज रात्री गिंप उघडून बसतो. Heal मारून मारून चेहरा मेणाचा झालाय. पटकन सांगा.

निशिगंधा: स्कॅन केलाय की मोबाईलने काढलाय? घडी नेमकी कुठून जाते?

बाबूराव६१: फोटो पालथा घाला, वर सुती कापड, हलकी इस्त्री फिरवा. आमच्या लग्नाचे असेच सरळ केले.

डार्करूम: इस्त्री नको! वरचा जिलेटिनचा थर गरम झाला की मऊ पडून चिकटतो. तुमचे वाचले असतील, याचा एकच आहे.

बाबूराव६१: वाचले म्हणजे? अजून भिंतीवर आहेत.

सोलापुरी_पोरगा: स्कॅन, ३०० डीपीआय. कृष्णधवल, पोस्टकार्डापेक्षा लहान, कागद खरखरीत. गड्ड्याच्या जत्रेत काढलेला, मागे रंगवलेला ताजमहाल. पाकिटात राहून दुमडलाय. घडी कपाळातून डाव्या डोळ्यावर, तिथून मिशीत.

डार्करूम: हे आधी सांगायचं की. स्कॅनरचा उजेड एका बाजूने येतो, म्हणून घडीचा उंचवटा आणि कागदाचे दाणे दोन्ही उमटतात. तू तेच दाणे पुसत बसलायस. ६०० वर एक स्कॅन घे, फोटो उलट दिशेने फिरवून दुसरा घे. दुसरा गिंपमध्ये १८० अंशांनी फिरवून पहिल्यावर ठेव, Opacity ५०. सावल्या एकमेकींना बऱ्याच खातात. मग जी पांढरी रेघ उरेल तिथला थर खरंच उडालाय, तेवढंच काम तुझं. ताजमहाल, कपाळ Heal ने कर. मिशीच्या कडेला Heal काळं ओढून गालावर फासतं, तिथे Clone, बारीक ब्रशने. सगळं नव्या लेयरवर, Sample merged लावून.

निशिगंधा: डोळ्याला सोपं आहे. उजवा डोळा आरशासारखा उलटा करून डावीकडे बसवा.

डार्करूम: पापणीपुरतं चालेल. बुबुळासकट उचललं तर त्यातला चमकणारा ठिपका भलत्या बाजूला जातो. माणूस ओळखीचा वाटत नाही, आणि का ते कळतही नाही.

निशिगंधा: फ्लेक्सवर लांबून कोण बघतंय?

सोलापुरी_पोरगा: फ्लेक्स नाही ओ, फ्रेम. पप्पा जवळून बघणार.

रिटायर्ड_मास्तर: ग्रॅच्युइटीचे कागद आधीच देऊन ठेवा. माझे अडकले होते.

सोलापुरी_पोरगा: दोन स्कॅन घेतले. जुळत नाहीयेत, कान दोन दिसतायत.

डार्करूम: वरच्या लेयरचा Mode Difference कर, Opacity १००. थोडा थोडा सरकव, फिरव. जुळत जाईल तसं चित्र काळं पडेल. मग Normal आणि ५०. फोटो वाकडा असल्याने एखादी कड जुळणार नाही, डोळ्याजवळ जुळव.

सोलापुरी_पोरगा: कपाळ काळं झालं! मिशीकडे अजून दुहेरी. पप्पा पाणी प्यायला उठलेत, नंतर बोलतो.

बाबूराव६१: तरी एकदा इस्त्री…

निशिगंधा: काका!