मदत हवी आहे: 'जन्मजात' म्हणून भावाचा क्लेम नाकारला

धाकट्या भावाची (वय ३४) परळला हृदयाची झडप बदलली. महाधमनीच्या झडपेला तीनऐवजी दोनच पाकळ्या, जन्मापासून. पण कळलं ते या वर्षीच्या पहिल्या इकोत. पॉलिसी दोन वर्षांची. कंपनी म्हणते, जन्मजात म्हणजे आधीपासूनचा आजार.

मला हे पटत नाही. बाहेरून न दिसणारा दोष पॉलिसीत 'अंतर्गत जन्मजात' धरतात, वगळलेला असतो तो बाह्य. आणि 'आधीपासूनचा' ठरायला पॉलिसीपूर्वी निदान किंवा उपचार झालेले लागतात. इथे काहीच नव्हतं.

मात्र डिस्चार्ज कार्डावर नुसतं 'जन्मजात' लिहिलंय. निदानाच्या तारखेसह डॉक्टरांचं पत्र कुणी जोडलं होतं का? तक्रार कक्षाने ऐकलं, की विमा लोकपालाकडेच जावं लागलं? कृपया सांगा, आईचे दागिने गहाण आहेत.