अनुभव धागा: सहलीचा आराखडा कागदावर बसतो, रस्त्यावर का बसत नाही?

तापीकाठची, जळगाव

नाताळच्या सुट्टीत आम्ही नऊ जण हरिद्वार-मसुरीला निघालोय. सासू-सासरे, जेठ-जेठाणी, आम्ही दोघं आणि तीन मुलं. जेठांनी एक्सेलमध्ये आराखडा केला, रंगीत रकाने वगैरे, घरात सगळ्यांनी वाहवा केली. मी तो वहीत उतरवून घेतला आणि तेव्हापासून पोटात गोळा आलाय.

थोडक्यात असं आहे. भुसावळहून संध्याकाळची गाडी, दुसऱ्या दिवशी दुपारी 1:35 ला हजरत निजामुद्दीन. त्याच दुपारी 3:20 ला नवी दिल्लीहून हरिद्वारची गाडी. ती साडेसातच्या सुमारास पोचते, लगेच ‘हर की पौडी, गंगा आरती’. दुसऱ्या दिवशी ऋषिकेश, रामझुला, डेहराडून आणि रात्री मसुरी. मध्ये एक दिवस मसुरीत. शेवटच्या दिवशी सकाळी 8 ला मसुरी सोडायची आणि संध्याकाळी 5:10 ला निजामुद्दीनहून परतीची गाडी.

जेठांना तोंडावर ‘हे जमणार नाही’ म्हणायची माझी हिंमत नाही. तुमचे आराखडे कुठे फसले, आणि निघण्याआधी ते तुम्हाला कसं कळलं असतं, ते सांगा. म्हणजे मी ‘लोक असं म्हणतात’ म्हणून पुढे सरकवीन.

शेवभाजी, धुळे

ताई, गच्च भरलेलं म्हणाल तर आमच्या हिची बॅग! मसुरीला थंडी म्हणून सात स्वेटर, वर दशम्या, लोणचं, बिबड्यांचा डबा. चाकाच्या दोन मोठ्या बॅगा घ्या, बाकी पाठीवरच्या. नऊ जणांत तेरा-चौदा डाग करू नका.

तापीकाठची, जळगाव

भाऊ, मी दिवस गच्च भरलेत म्हणतेय, बॅगा नाही. पण डाग मोजले तर खरंच तेरा होतायत.

जुना बुकिंगवाला, भुसावळ

हसू नका, धुळ्याचे भाऊ चुकून मुद्द्यावर आलेत. डागांवरच वेळ ठरते. मी रेल्वेच्या खिडकीत बरीच वर्षं काढली. चुकलेल्या गाडीचं तिकीट हातात घेऊन येणारे बहुतेक जण एकच वाक्य बोलायचे: “साहेब, मध्ये पावणेदोन तास होते ना!”

तुमचेही पावणेदोन तासच आहेत. ते एकदा उलगडून बघा. गाडी अगदी वेळेवर आली असं धरू. नऊ माणसं आणि तेरा डाग खाली उतरून एका जागी जमायला पंधरा मिनिटं. म्हाताऱ्यांना धरून पूल किंवा लिफ्ट, मग बाहेर, आणखी पंधरा. नऊ जण एका टॅक्सीत मावत नाहीत, म्हणजे दोन गाड्या ठरवायच्या आणि डिक्कीत सामान बसवायचं, वीस ते पंचवीस. निजामुद्दीन ते नवी दिल्ली अंतर थोडंच, पण दुपारच्या रहदारीत अर्धा-पाऊण तास धरा. तिथे एक टॅक्सी पहाडगंजच्या बाजूला उतरवते, दुसरी अजमेरी गेटला, आणि दोघं एकमेकांना फोन लावत बसतात. मग सामानाची तपासणी, फलाट, डबा शोधणं, वीस मिनिटं. बेरीज एक तास चाळीस ते दोन तास. गाडी वेळेवर येऊनही तुमच्या हातात उरतात फार तर पाच मिनिटं.

आणि महिना कोणता? डिसेंबरअखेर. आग्र्याच्या पुढे धुकं पडलं की गाड्या तासातासाने मागे पडतात. त्या दिवसांत जोडगाडीला चार तासही मला कमीच वाटतात.

अमळनेरकर

पण दोन्ही तिकिटं ऑनलाइन जोडता येतात ना? पीएनआर लिंक केला की पहिली गाडी उशिरा आल्यावर रेल्वे पुढच्या गाडीत जागा देते. माझ्या साडूने केलं होतं. मग एवढं घाबरायचं काय?

जुना बुकिंगवाला, भुसावळ

अर्धं बरोबर. जोडता येतात, पण जागा कोणी देत नाही. पहिली गाडी उशिरा आल्यामुळे दुसरी चुकली, तर न केलेल्या प्रवासाचे पैसे रद्द-आकार न कापता परत मिळतात, एवढंच. त्यासाठी दोन्ही तिकिटांवर प्रवासी तेच हवेत, आणि पहिली गाडी प्रत्यक्षात पोचल्यापासून तीन तासांच्या आत TDR, म्हणजे परताव्याचा अर्ज, भरायचा. उतरायचं आणि चढायचं स्थानक वेगळं असेल तर ती जोडी सिस्टिम घेते का, हे तिकीट काढतानाच बघून घ्यायचं. पैसे आले तरी रात्री नऊ माणसांना हरिद्वारला कोण नेणार? तुमच्या साडूंना जागा मिळाली असेल तर त्यांनी नवीन तिकीट काढलं असणार.

अमळनेरकर

विचारतो त्याला. तो बढाया मारतो हे खरं आहे.

सातपुड्याची लेक, नंदुरबार

मी आरतीवर बोलते. गंगा आरती घड्याळावर नसते, सूर्यास्तावर असते. डिसेंबरात तिकडे साडेपाचच्या आतच सूर्य मावळतो. तुमची गाडी साडेसातला पोचणार, म्हणजे त्या रकान्यातली आरती गाडी वेळेवर आली तरी होऊन गेलेली असेल. आम्ही उन्हाळ्यात गेलो होतो तेव्हाची वेळ डोक्यात धरून माझ्या नणंदेने थंडीचा आराखडा केला होता. पोचलो तेव्हा पायऱ्यांवर झाडू मारणं चाललेलं. सासूबाईंनी वाहून आणलेलं फुलांचं द्रोण तसंच पाण्यात सोडलं, आणि नंतर वर्षभर ऐकवलं.

तेव्हापासून मी कुठलाही आराखडा हातात आला की आधी फक्त सूर्य मावळण्याची वेळ आणि त्या जागेचा बंद वार लिहिते. ताजमहाल शुक्रवारी बंद, अजिंठा सोमवारी, वेरूळ मंगळवारी. निम्मी चुकीची पानं तिथेच सापडतात.

पाटणादेवीचा, चाळीसगाव

अजिंठ्याचं निघालंच तर माझं ऐका. पुण्याचा भाचा आठ जण घेऊन आला. त्याच्या कागदावर ‘सकाळी अजिंठा, दुपारी वेरूळ, रात्री आमच्याकडे भरीत’. निघायचं जळगावहून. नकाशात जळगाव-अजिंठा साठ किलोमीटर दिसतं, पण आपली गाडी फर्दापूरच्या तिठ्यावर लावून तिथून बसनेच लेण्यांपाशी जावं लागतं, हे नकाशा सांगत नाही. बसची रांग, तिकीट, मग चढण. खालीच पावणेबारा झाले. घाईघाईत पाहून निघायला अडीच. पुढे वेरूळ शंभर किलोमीटर. कैलास लेणं त्यांनी संध्याकाळी फाटकाबाहेरून बघितलं. वर औट्रम घाट उतरून चाळीसगावला यायचं होतं. घाटात ट्रक बंद पडलेला, आमच्याकडे रात्री साडेअकराला पोचले. भरीत गार, भाकऱ्या वातड. बायको अजून बोलते, मला, भाच्याला नाही.

केळीची बाग, रावेर

आमचं वेगळंच. तिकिटावर 00:40, तारीख 15. आम्ही 15 च्या दिवसभर बॅगा भरल्या, रात्री जेवून साडेअकराला भुसावळ स्टेशनवर हजर. गाडी आदल्या रात्रीच गेलेली! बारानंतरची गाडी असली की तारीख बदललेली असते. चौदाच्या रात्री निघायला हवं होतं. सगळ्या हॉटेलांची बुकिंगं एक दिवसाने सरकली आणि एकानेही पैसे परत दिले नाहीत. आता मी कॅलेंडरवर ‘15 ची पहाट’ असं न लिहिता ‘14 ला रात्री जेवून निघणे’ असं लिहितो.

जुना बुकिंगवाला, भुसावळ

हे तर खिडकीवर दर महिन्याला बघितलंय.

ताई, आता तुमच्याकडे वळतो. कागद दुरुस्त करायचा तर आधी नुसत्या ‘बांधलेल्या’ गोष्टींना लाल करा. म्हणजे ज्या चुकल्या तर पैसे किंवा जागा जाते: गाड्या, आगाऊ भरलेली हॉटेलं. बाकी सगळं पेन्सिलचं, आरती, धबधबा, मॉल रोड. लाल गोष्टीला लागून दुसरी लाल नको, मध्ये पेन्सिल हवी. तुमच्या आराखड्यात दोन लाल गोष्टी दोनदा खेटल्यात, जाताना दिल्लीत आणि येताना मसुरी ते निजामुद्दीन.

जातानाचा उपाय सोपा आहे. दिल्लीला पोचलात की त्या दिवशी पुढची गाडी नकोच. मुक्काम करा, वेळ उरला तर इंडिया गेट दाखवा. गाडी पाच तास उशिरा आली तरी बुडणार ते इंडिया गेट. दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी धरलीत तर दुपारपर्यंत हरिद्वार, आरती त्याच संध्याकाळी मिळते. मुंबईहून भुसावळवरून थेट हरिद्वारला जाणारीही गाडी आहे, पण ती रोज नसते, तारीख जुळते का बघा.

येताना गोष्ट वेगळी. मसुरीहून 8 ला निघायचं म्हणता. नऊ जण नाश्ता करून गाडीत बसेपर्यंत नऊ होतात. डेहराडूनपर्यंत उतरताना सुट्टीतली वाहनं, मुलांना मळमळ, दोन थांबे. नकाशा साडेसहा-सात तास दाखवतो तो थांबल्याशिवाय. नऊ आणि सात म्हणजे चार, त्यात दोन थांब्यांचा तास धरला की पाच. गाडी 5:10 ला.

तापीकाठची, जळगाव

वाचताना घाम फुटला. जेठांनी नकाशात रात्री अकराला बघितलं होतं, तेव्हा रस्ता निळा होता.

सातपुड्याची लेक, नंदुरबार

हाच घोळ. नकाशात निघायची वेळ आणि वार टाकून बघा, आकडा वेगळा येतो. आणि तुमची जी गाडी आहे तिचा नंबर रेल्वेच्या NTES साइटवर आठ-दहा दिवस रोज संध्याकाळी टाका, निजामुद्दीनला किती वाजता पोचली ते वहीत लिहा. धुक्याच्या आधीचे दिवस आहेत म्हणून त्यावर आणखी थोडं चढवा. तो कागद जेठांपुढे ठेवा. तोंडाने काही बोलायची गरज नाही.

शेवभाजी, धुळे

भो, मी एक सांगस. इतला मोकळा येळ ठेवा तं सुट्टी कशी पुरी? आम्ही पाच दिवसांत सात गावं केली. कुठे काही चुकलं नाही.

पाटणादेवीचा, चाळीसगाव

किती जण होते?

शेवभाजी, धुळे

मी आणि माझा मित्र. कॉलेजात असताना.

तापीकाठची, जळगाव

काल रात्री कागद बदलून जेठांसमोर ठेवला. दिल्लीत पहिली रात्र, दुसऱ्या दिवशी हरिद्वार आणि आरती. त्याच्या पुढच्या दिवशी सकाळी फक्त ऋषिकेश, मग थेट मसुरी, डेहराडून काढून टाकलं. मसुरीतला दिवस तसाच. शेवटची रात्र मसुरीऐवजी दिल्लीत. दोन दिवस वाढतात, आणि तीन खोल्या दोन रात्रींसाठी जास्त लागतात.

त्यांनी आधी हिशेब लावला, “फुकटचा एवढा खर्च!” मग सासऱ्यांनी विचारलं, “त्या निजामुद्दीनवर मला पूल चढायचाय का रे?” जेठ गप्प. दिल्लीच्या पहिल्या रात्रीला हो म्हणालेत, शेवटच्या रात्रीवर अजून अडलेत. म्हणतात, मसुरीहून पहाटे पाचला निघू.

नऊ जण पहाटे पाचला, डिसेंबरात, मसुरीत. कुणी केलंय का हे, खरं सांगा?