मदत हवी आहे: 'टू हॅपी टु जॉइन' लिहिलं, आता कंपनी विचारतेय येणार की नाही

सातपूरची_मुलगी: काल अंबडच्या एका कंपनीचं ऑफर लेटर आलं. पहिलीच नोकरी, क्वालिटी विभागात. आनंदाच्या भरात लगेच मेल पाठवला: 'आय ॲम टू हॅपी टु जॉइन युवर कंपनी.' आज सकाळी एचआर मॅडमचा मेल, 'आर यू जॉइनिंग ऑर नॉट?' मी तर होच म्हटलं होतं ना? काय चुकलं? उत्तर दुपारपर्यंत द्यायचंय.

गंगापूररोडकर: स्पेलिंग बघा. टीओ की डबल ओ? माझा मुलगा नेहमी तिथेच गडबडतो.

सातपूरची_मुलगी: नाही दादा, स्पेलिंग बरोबर आहे. हॅपीच्या आधी डबल ओ, जॉइनच्या आधी एक ओ.

पंचवटी_७२: 'टू' कायम नकारार्थीच असतो. पत्रात तो शब्द वापरूच नका.

निवृत्त_इंग्रजी_शिक्षिका: कायम नाही हो. आधी मुळाशी जाऊ. आपला 'फार' दोन्हीकडे चालतो. 'चहा फार गोड झालाय' म्हणताना आपण कप बाजूला सरकवतो, 'फार आनंद झाला' म्हणताना हसतो. इंग्रजीत पहिल्या 'फार'ला टू, दुसऱ्याला व्हेरी. त्यातून टूच्या पुढे 'टु' आणि क्रियापद आलं, की ते काम होत नाही असा अर्थ निघतो. 'टू टायर्ड टु वॉक' म्हणजे इतकी दमले की चालवत नाही. तुझं वाक्य तसंच लावून बघ, बाळा: इतकी आनंदात आहे की जॉइन होता येत नाही.

पण 'ओन्ली टू हॅपी टु हेल्प' हे अस्सल इंग्रजी आहे, त्याचा अर्थ अगदी आनंदाने मदत करेन. तिथे 'ओन्ली' हवाच. 'नॉट टू हॅपी' म्हणजे मात्र नाराज.

अंबड_शिफ्ट२: मी बॉसला 'युवर प्रेझेंटेशन वॉज टू गुड' लिहिलं होतं. ते खूश झाले! मग तेही चूक?

निवृत्त_इंग्रजी_शिक्षिका: आपल्याकडे ते कौतुक म्हणूनच वाचतात. परदेशी ग्राहकाला मात्र 'व्हेरी गुड' लिहा.

एचआरमध्ये_१०_वर्षं: मॅडमना अर्थ कळला नाही असं मला वाटत नाही. आम्ही असे मेल रोज वाचतो. पण तुमच्या मेलमध्ये ऑफर स्वीकारल्याचा शब्द नाही, तारीखही नाही. फाइलला काय लावणार? असं लिहा: 'आय ॲम व्हेरी हॅपी टु ॲक्सेप्ट द ऑफर. आय विल जॉइन ऑन...' आणि लेटरमधली तारीख टाका. 'व्हेरी मच हॅपी' नको.

निवृत्त_इंग्रजी_शिक्षिका: तारखेचं पटलं. पण नुसती तारीख हवी असती तर 'ऑर नॉट' कशाला विचारलं असतं?

सातपूरची_मुलगी: पाठवला! व्हेरी, ॲक्सेप्ट, तारीख, सगळं घातलं. अजून उत्तर नाही. बाई, शेवटी 'आय ॲम एक्सायटेड टू' असं लिहिलंय, ते चालेल का?

निवृत्त_इंग्रजी_शिक्षिका: तिथे तो शेवटी आलाय, म्हणजे 'मीसुद्धा'. मॅडमनी त्यांना आनंद झाल्याचं लिहिलं असेल तर शोभेल. लिहिलंय का?