लाल-काळ्या झाडाचं इन्सर्ट तीन इफात: काम कमी झालं की नुसता कोड?

खानापूरचा_पोरगा
थर्ड सेमला हाय, बेळगावात. सरांनी रेड-ब्लॅक ट्रीचं इन्सर्ट शिकवलं, काका लाल असेल तर हे करा, काळा असेल तर ते, आणि मग सगळं परत उलट्या बाजूनं, वहीची चार पानं गेली. घरी बघतोय तर लेफ्ट-लीनिंग म्हणून एक प्रकार हाय, त्यात तेच काम तीन इफात. सर म्हणाले शॉर्टकट आहे, परीक्षेत लिहू नको. माझं मत, आधी हेच शिकवाय पाहिजे. तुम्हाला काय वाटतंय?

टिळकवाडी_रिटायर्ड
तुझ्याशी निम्मा सहमत. शॉर्टकट म्हणणं मात्र चूक, कारण ज्यांनी १९७८ साली गिबाससोबत मूळ रेड-ब्लॅक मांडलं त्या सेजविकांनीच २००८ मध्ये हे काढलंय. खाली उतरून नोड लाल लावायचा, आणि रिकर्शनमधून वर येताना प्रत्येक नोडवर एवढंच:

```java
if (isRed(h.right) && !isRed(h.left))     h = rotateLeft(h);
if (isRed(h.left)  && isRed(h.left.left)) h = rotateRight(h);
if (isRed(h.left)  && isRed(h.right))     flipColors(h);
return h;
```

शेवटी रूट काळा करायचा, झालं. आता चार पानं गेली कुठं ते बघ. लाल पोरगं डावीकडंच पाहिजे असा एक नियम घातला, त्यामुळं उजव्या बाजूच्या आरशातल्या केसेस उरतच नाहीत, उजवीकडं लाल दिसलं की ते आधी डावीकडं ओढून घ्यायचं. आणि काका शोधायला आज्यापर्यंत जावं लागत नाही, कारण आपण आज्याच्या नोडवर परत येणारच असतो, मग पॅरेंट पॉइंटरपण नको.

निपाणीकर_जावा
बरोबर बोलले काका. आणि कोड कमी म्हणजे फिरवाफिरवीपण कमी, म्हणून हे फास्टपण असणार. मी तर म्हणतो जुनं शिकवायचं बंदच करा.

टिळकवाडी_रिटायर्ड
पहिलं वाक्य ठीक, पुढचं उलटं. कागद घ्या की ओ. १०, २०, ३०, २५, २७ या क्रमानं घाला. पहिल्या चारांनंतर दोन्ही पद्धतीत झाड सेम: वर २० काळा, डावीकडं १० काळा, उजवीकडं ३० काळा आणि त्याच्या डाव्या हाताला २५ लाल. आता २७ येतो, २५ च्या उजवीकडं, लाल.

जुन्या पद्धतीत २५ डावीकडं फिरवला, ३० उजवीकडं फिरवला, आता २७ काळा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना लाल पोरं. दोन रोटेशन, काम बंद, २० ला पत्तापण नाही.

लेफ्ट-लीनिंगमध्ये तीच दोन रोटेशन होतात, पहिल्या इफनं २५ वर आणि दुसऱ्यानं ३० वर, पण तिथं थांबत नाही कारण दोन्ही पोरं लाल हे ह्या झाडाला चालत नाही. तिसरा इफ लागतो, २७ लाल होतो, २५ आणि ३० काळे. वर २० कडं आलो तर त्याच्या उजवीकडं लाल २७ बसलाय, म्हणजे परत पहिला इफ, परत डावीकडं फिरवा. आता रूट २७. तीन रोटेशन आणि एक फ्लिप. जुन्यात एका इन्सर्टला जास्तीत जास्त दोनच रोटेशन, इथं ती झाडाच्या उंचीच्या हिशोबात वरपर्यंत चढत जाऊ शकतात. कोड आखूड झाला, काम थोडं वाढलं, हा सौदा आहे.

निपाणीकर_जावा
मान्य, पण उंची तर लॉगमध्येच राहते, एवढ्यानं काय आभाळ कोसळणार?

उद्यमबाग_फर्मवेअर
माझा प्रश्न जरा वेगळा. मशीनच्या कंट्रोलरवर सी मध्ये टायमर ठेवतो, वेळेच्या क्रमानं झाडात, साधारण हजार. रिकर्शन म्हटल्यावर स्टॅक फुटणार नाही काय? आणि माझ्याकडं जेवढे टायमर आत येतात तेवढेच बाहेरपण जातात, इन्सर्ट तीन ओळीचं असून मला काय फायदा?

टिळकवाडी_रिटायर्ड
स्टॅकचं भ्या सोडा. हजार नोडला वाईटात वाईट वीसेक पातळ्या, लाखभर झाले तरी चौतीसच्या आतच. दुसरा मुद्दा मात्र खरा. डिलीटमध्ये हा प्रकार तेवढा गोड नाही, खाली जाताना लाल लिंक सोबत ढकलत न्यावी लागते, `moveRedLeft`, `moveRedRight` असले फंक्शन येतात आणि तिथं आखूडपणाची बरीचशी कमाई परत जाते. तुमच्या जागी मी हे घेतलं नसतं. तुम्हाला सगळ्यात आधी वाजणारा टायमरच लागत असेल तर झाडच कशाला, साधा हीप ठेवा.

उद्यमबाग_फर्मवेअर
मधलेपण कॅन्सल होतात ओ, तेच तर दुखणं आहे. असो, बघतो.

अथणी_शिकवते
मी शिकवते म्हणून सरांच्या बाजूनं. पोरं तीन ओळी पाठ करतात, आणि उद्या जावाच्या `TreeMap` मधलं `fixAfterInsertion` उघडलं की तिथं आई, आजा, काका, आणि सगळ्याची उलटी बाजू बघून गडबडतात. बाहेर जे भेटणार ते जुनंच आहे, मग आधी ते नको काय? शिवाय ह्या तीन ओळीत एक अक्षर हललं तरी कुणाला कळत नाही.

खानापूरचा_पोरगा
मॅडम शेवटचं खरं हाय, माझंच झालंय. काकांचे पाच आकडे माझ्या कोडमध्ये घातले, प्रिंट क्रमानं आलं, झाडपण काकांच्या सारखंच, पण रोटेशनला काउंटर लावला तर ६ येतंय. काकांच्या हिशोबानं १० वर एक आणि २७ ला तीन, म्हणजे ४ पाहिजे ना?

टिळकवाडी_रिटायर्ड
पहिल्या इफातलं `!isRed(h.left)` खाल्लंयस काय बघ.

खानापूरचा_पोरगा
होय ओ! कसं कळलं??

टिळकवाडी_रिटायर्ड
३० घालताना २० च्या दोन्ही बाजूला लाल असतंय, तिथं सरळ फ्लिप पाहिजे. तुझा कोड उजवीकडं लाल दिसलं म्हणून डावीकडं फिरवतो, मग डावीकडं ओळीनं दोन लाल झाले म्हणून दुसरा इफ परत उजवीकडं फिरवतो, जाग्यावर येतो आणि मग फ्लिप. दोन फेऱ्या फुकट, उत्तर मात्र बरोबर, म्हणून तर प्रिंट बघून सापडत नाही.

निपाणीकर_जावा
मग ओळींचा क्रम बदलला तर तर मेलोच की.

टिळकवाडी_रिटायर्ड
सगळ्याच नाही. पूर्ण अट लिहिलेली असेल तर पहिल्या दोन अदलाबदल केल्या तरी चालतंय, एका नोडवर त्या दोघीतली एकच लागते. फ्लिप वर घेऊन बघ, २७ नंतर ३० वर फ्लिपची वेळ निघून गेलेली असते, २५ आणि ३० लालच राहतात आणि झाड हुबेहूब जुन्या पद्धतीसारखं दिसतंय, दोनच रोटेशनमध्ये. शोधायला चालेल, पण ह्या झाडाचा नियम मोडला. म्हणून प्रत्येक इन्सर्टनंतर तपासणारं एक फंक्शन लिहायचं: कुठं उजवीकडं लाल आहे काय, ओळीनं दोन लाल आहेत काय, आणि प्रत्येक वाटेवर काळे सारखे आहेत काय.

अथणी_शिकवते
म्हणजे तीन ओळींसाठी वीस ओळींचा चेकर. चार पानं काय वाईट होती मग?

टिळकवाडी_रिटायर्ड
चेकर चार पानांनापण लागतोच की मॅडम, तो कोण लिहीत नाही एवढंच.

खानापूरचा_पोरगा
उद्या सरांना ते ६ आणि ४ दाखवतो. परीक्षेत काकाच लिहितो, मार्क पाहिजेत.